अनुभव धागा : लग्नातलं भाषण – मराठीत, इंग्रजीत की दोन्ही मिसळून?

खानदेशात हल्ली एकाच मांडवात अहिराणी बोलणारी आजी, सुरतहून आलेले काका, पुण्याचे ऑफिसवाले मित्र आणि मराठीचा गंध नसलेले व्याही असे सगळे बसलेले असतात. स्वागत समारंभात घरच्या माणसाने चार-पाच मिनिटं बोलायचं तर कोणत्या भाषेत? ज्यांनी अशी भाषणं लिहून दिली, बसवली किंवा माईकमागे उभं राहून ऐकली, त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. काय केलं की जमतं आणि कुठे फसतं, तेवढंच.

सूत्रसंचालन करणारी, जळगाव

आधी माणसं मोजा, आणि मोजताना ‘मराठी न येणारे किती’ एवढ्यावर थांबू नका. मराठी येत नाही पण हिंदी कळतं असे किती, फक्त इंग्रजी कळतं असे किती, आणि यातलं काहीच कळत नाही असे किती, हे तीन आकडे वेगळे काढा. तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात. परप्रांतातल्या व्याह्यांकडची म्हातारी माणसं नेमकी त्यात असतात. त्यांच्यासाठी घातलेलं इंग्रजी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सर्वांत जास्त फसणारा प्रकार म्हणजे एक वाक्य मराठीत आणि तेच लगेच इंग्रजीत. पाच मिनिटांचं भाषण नऊ-दहा मिनिटांवर जातं आणि प्रत्येक गट निम्मा वेळ रिकामा बसतो. मराठी मंडळी इंग्रजी वाक्याच्या वेळी आपसात बोलायला लागतात, त्या गलक्यात पुढचं मराठी वाक्यही बुडतं. विनोदाचं तर विचारूच नका. अर्धा मांडव हसून मोकळा झालेला असतो आणि उरलेला अर्धा सभ्यपणे दात दाखवतो.

त्यापेक्षा एक भाषा पायाची धरा. आपल्याकडे ती मराठीच असू द्या, कारण सहाशेतले साडेपाचशे तिचेच असतात. दुसऱ्या भाषेला एक सलग तुकडा द्या, पाच-सहा वाक्यांचा. त्यात मराठीचं भाषांतर करू नका. त्या पाहुण्यांशी जे बोलायचं तेवढंच बोला. तुकडा सुरू करताना त्यांच्या रांगेकडे वळून उभं राहा, म्हणजे बाकीच्यांना कळतं की हे त्यांच्यासाठी आहे, आणि कुणी रागावत नाही.

वाक्याच्या आत मिसळायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. माझा नियम एवढाच की क्रियापद ज्या भाषेचं, वाक्य त्या भाषेचं. ‘तिने ऑफिस सांभाळून घर सांभाळलं’ हे मराठीच झालं. ‘शी इज सो केअरिंग की काय सांगू’ हे वाक्य मात्र माईकवर मधेच लंगडतं. बोलणारा अडखळतो तो नेमका त्या ‘की’पाशी.

साउंडवाला, भुसावळ

भाषेचं मला फार कळत नाही, आवाजाचं कळतं. एप्रिल-मेच्या लग्नात स्टेजच्या दोन्ही बाजूंना जंबो कूलर असतात. त्या वाऱ्याच्या घरघरीत पहिल्यांदा मरतात ते स, फ आणि शब्दाच्या शेवटचा ट. मराठी शब्द बरेचसे स्वरावर संपतात, त्यामुळे थोडंफार गेलं तरी अर्थ निघतो. इंग्रजीत शेवटचा ट गेला की अर्थच उलटतो. ‘वी कॅन्ट थँक यू इनफ’ म्हणायला जावं आणि मागच्या रांगेत ऐकू यावं ‘वी कॅन थँक यू इनफ’. म्हणून इंग्रजी तुकड्यात नकाराचं वाक्यच ठेवू नका. सरळ ‘थँक यू’ म्हणा आणि पुढे चला.

माईक हनुवटीजवळ, चार बोटांवर. कागद बघायला मान खाली गेली की माईक छातीवर उतरतो. तेव्हा कागद डोळ्यांच्या उंचीला धरा नाहीतर पोडियम मागवा.

मूळ अमळनेर, आता सुरत

एवढा खटाटोप कशाला? हिंदीत बोला. खानदेशात सगळ्यांना हिंदी कळतं, सुरतवाल्यांना कळतं, इंदूर-बऱ्हाणपूरच्यांना कळतं. एका भाषेत विषय संपला.

सूत्रसंचालन करणारी, जळगाव

पाहुणे सुरत-इंदूरचे असतील तर तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि मग इंग्रजीची गरजही नाही. दक्षिणेकडचे व्याही असले की हिशेब बदलतो. तिथल्या पुष्कळ ज्येष्ठांना हिंदी कळत नाही. शिवाय घरात कधी हिंदी न बोलणारा बाप लेकीविषयी हिंदीत बोलायला लागला की स्टेजवरून सूचना दिल्यासारखं वाटतं. हा माझा कान झाला, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

शिंदखेड्याहून

आमच्याकडे तर एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी छापतो. प्रेषकांची नावं दोन्हीकडे घ्यावी लागतात, कार्ड मोठं होतं. तुम्ही सगळे कोणता आकार घेता?

साउंडवाला, भुसावळ

दादा, पत्रिकेचं नाही चाललेलं, भाषणाचं चाललंय.

नवरीचा भाऊ, चाळीसगाव

माझा प्रश्न अगदी हाच आहे म्हणून विचारतो. बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे. आपल्याकडची साडेसहाशे माणसं, मुलाकडची साठ म्हैसूरहून, मुलाच्या ऑफिसातले पंधरा. वडील बोलणार. त्यांना इंग्रजी समजतं थोडं, वाचायला अडखळतात. मी शेजारी उभा राहून त्यांचं भाषण इंग्रजीत सांगत गेलो तर?

सूत्रसंचालन करणारी, जळगाव

शेजारी उभं राहून सांगत गेलात तर वडिलांची लय तुम्ही तोडणार. शब्दांच्या हिशेबाने बघा. माईकवर सावकाश बोललं की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना पाचशे. त्यातले साडेचारशे मराठी, पन्नास इंग्रजी आणि कन्नडचे दोन शब्द. हो, कन्नडच. म्हैसूरच्या आजीबाईंना इंग्रजीचा काय उपयोग?

पहिलं वाक्य : ‘एल्लरिगू नमस्कार.’ सगळ्यांना नमस्कार. एवढं वडील आठ दिवसांत सहज पाठ करतील. होणाऱ्या जावयाकडून फोनवर एकदा ऐकून घ्या, कागदावरून शिकवू नका. त्यानंतर मराठीत स्वागत, अर्धा मिनिट. मग म्हैसूरच्या रांगांकडे वळून इंग्रजी तुकडा, देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिलेला, एका ओळीत एक वाक्य :

‘वेलकम टू चाळीसगाव.
यू केम फ्रॉम फार अवे.
वी आर व्हेरी हॅपी.
आय लर्न्ड वन कन्नड वर्ड. बीगरु.
इन मराठी वी से व्याही.
फ्रॉम टुडे, वी आर बीगरु.’

यात दोन गोष्टी बघा. व्याह्याला इंग्रजीत धड शब्द नाही, ‘इन-लॉज’ म्हटलं की सून, सासरा, मेहुणा सगळे एका पोत्यात जातात. कन्नडमध्ये मात्र आहे, बीगरु. तोच वापरला की आजीबाईंना कळतं, ऑफिसवाल्यांना अर्थ मिळतो, आणि ‘व्याही’ ऐकल्यावर आपली माणसंही हसतात. एकच जागा तिन्ही गटांना एकदम मिळते. दुसरं, ‘गेस्ट्स’, ‘स्पेशल’ असले शब्द मुद्दाम टाळलेत. शेवटी ‘स्ट्स’ आलं की जीभ अडते, सुरुवातीला ‘स्प’ आलं की ‘इस्पेशल’ होतं, आणि बोलणारा स्वतःच ओशाळून पुढचं घाईत उरकतो.

उरलेलं सगळं मराठीत. लेकीविषयी जे बोलायचं ते, आणि मामा-आत्यांचे आभार. ही नाती इंग्रजीत नेऊ नका. ‘अंकल’ म्हटलं की मामाचा मान आणि काकाचा मान एकच होतो, आणि समोर बसलेल्या मामाच्या लक्षात येतं.

निवृत्त शिक्षिका, धुळे

चाळीसगाव म्हणजे अहिराणीचा पट्टा. शेवट तिच्यात करा की! आशीर्वाद मराठीत देऊन झाले की ‘चला, जेवाले चला’. तीनच शब्द, पण मागच्या रांगेतल्या बायाबापड्यांना वाटतं की बोलणारा आपला आहे. मात्र वडील घरात अहिराणी बोलत असतील तरच. शहरात वाढलेल्या पोराने हौसेने दोन वाक्यं ठोकली की ती नक्कल वाटते. लोक हसतात, पण कशाला हसतात ते कळत नाही.

यावलहून

हे धुळे-चाळीसगावला ठीक आहे. आमच्याकडे यावल-रावेरला लेवा घरांची बोली वेगळी. तिथे अहिराणीतून शेवट केला तर निम्मे बघतच राहतील. ‘खानदेश म्हणजे अहिराणी’ असं धरून चालू नका.

निवृत्त शिक्षिका, धुळे

मान्य. पण मग मिश्र मांडवात बोली घ्यायचीच नाही का? मला ते पटत नाही. वऱ्हाड कुठून आलंय ते बघून ठरवावं.

नवरीचा भाऊ, चाळीसगाव

वडील घरात अहिराणीच बोलतात, ते होईल. पण साडेचारशे शब्द मराठीत चालू असताना म्हैसूरची मंडळी चार मिनिटं काय करणार? आणि आई म्हणते जात्यावरची एक ओवी हवीच.

सूत्रसंचालन करणारी, जळगाव

ओवी पूर्ण म्हणा, भाषांतर करू नका. तिच्यानंतर एकच इंग्रजी वाक्य : ‘माय मदर सँग धिस फॉर हर डॉटर.’ अर्थ गेला तरी प्रसंग कळतो.

चार मिनिटांसाठी एक अर्धं पान करा. भाषणाचा गोषवारा आठ-दहा ओळींत, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड जावयाकडच्या कुणाकडून लिहून घ्या. पंचवीस प्रती पुरे, घरटी एक. भाषणाच्या जरा आधी वाटा. आधीच वाटल्या तर त्यांचे पंखे होतात.

आणि वडिलांच्या कागदावर भाषा बदलते तिथे लाल आडवी रेघ मारा. रेघ आली की थांबायचं, मान वर करायची, ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याकडे बघायचं, मग तोंड उघडायचं. सराव करायचा तो या रेघांचा, बाकीचं त्यांना येतंच.

मूळ अमळनेर, आता सुरत

बरं, आणि सुरतवाले? आमच्यासाठी एक ओळ हिंदी नाही का?

सूत्रसंचालन करणारी, जळगाव

तुम्हाला मराठी येतं, काका.

साउंडवाला, भुसावळ

एक राहिलं. इंग्रजी तुकडा आणि ओवी, एवढ्या वेळापुरते स्टेजजवळचे दोन कूलर बंद ठेवायला एक पोरगा नेमा. आणि नंतर चालू करायलाही त्यालाच सांगून ठेवा. मे महिना आहे.