शीर्षकात इंग्रजी: लाचारी की गरज?

जोडभावी पेठ: शीर्षकात इंग्रजी घुसडणारे मराठी चॅनेलवाले लाचार आहेत. शुद्ध देवनागरीत लिहा, माणसं आपोआप शोधत येतात.

चाटी गल्ली: आपोआप कुठून येतात, मालक? बायकोचं रेसिपीचं चॅनेल मीच बघतो. यूट्यूब स्टुडिओत लोक काय टाइप करून आले ते दिसतं. आमच्याकडे निम्म्याहून जास्त `shenga chutney`, `shenga chatni` असंच. घरात मराठी बोलणाऱ्यालाही कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.

पण लाचारी आम्हीही केली, कबूल. दिवाळीत शीर्षक नुसतं `Spicy Peanut Chutney Recipe` केलं. व्ह्यूज वाढले, आम्ही खूश. आठवड्याने रिटेन्शनचा आलेख उघडला तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच कडेलोट. इंग्रजी-हिंदीच्या आशेने आलेला माणूस "उखळात घाला" ऐकून पळत होता. मग सुचवण्यांतूनही व्हिडिओ गळाला. आता `सोलापुरी शेंगा चटणी | Shenga Chutney` ठेवलंय, तेव्हापासून पुन्हा वाढलं. मराठी आधी, कारण लांब शीर्षकाचं शेपूट मोबाइलवर कापलं जातं.

बाळीवेस: मग बोलतानाही इंग्रजी वाढवा की, शोधात अजून वर येईल.

चाटी गल्ली: अर्धं बरोबर. शोधात शीर्षक कामाला येतं, बोलणं माणूस धरून ठेवतं. गॅस, मिक्सर म्हटल्याने कुणी जात नाही. "हाय गाईज, वेलकम बॅक" मध्ये वीस सेकंद घालवले की जातात. आम्ही तो भाग कापला आणि थेट तव्यावर तडतडणाऱ्या शेंगदाण्यांपासून सुरू केलं.

पुण्यात अडकलेला: मुळात 'शेंगा चटणी' हाच शब्द चुकीचा. शेंगदाण्याची चटणी म्हणा. मिक्सरला दोन मिनिटांत होते, एवढा काय गाजावाजा?

विजापूर वेस: ओ दादा, मिक्सरमध्ये होतो तो कूट! कुटल्यावर तेल सुटतं, मग ती चटणी. सोलापुरात येऊन हे बोलून दाखवा.

पुण्यात अडकलेला: जन्म सोलापूरचाच आहे माझा, ताई. अस्मिता भाकरीला लावून खा.

बाळीवेस: लसूण सोलून की सालासकट?

विजापूर वेस: सालासकट. आणि मूळ मुद्द्यावर, माझी आई टाइपच करत नाही. माइक दाबून बोलते, भाषा मराठी ठेवलीय, म्हणून देवनागरीच उमटते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, तरी चटणी ती मराठीतच शोधते. तिला तुमचं रोमन कशाला?

चाटी गल्ली: म्हणूनच दोन्ही लिप्या ठेवल्यात. आणि पुणेकरांचा 'शेंगदाणा' वर्णनात टाकतो, तिकडचे तसंच शोधत असतील.

पुण्यात अडकलेला: आभारी आहे. शब्द मात्र चुकीचाच.

जोडभावी पेठ: बरं बाबा, लाचार शब्द मागे घेतो, धोरणी म्हणतो. पण एक सांगा, शीर्षक बदलल्यावर वाढलं म्हणता, तेव्हाच हुरड्याचा सीझन लागला ना? हुरड्याबरोबर ही चटणी सगळेच शोधतात.

चाटी गल्ली: तिथेच घोडं अडलंय. शीर्षक बदललं आणि नमस्कार कापला, तेही एकाच दिवशी. आता कडक भाकरीच्या व्हिडिओत नुसतं शीर्षक बदलून बघतो, बाकी काही हलवत नाही. उन्हाळ्यात सांगतो.