रजेच्या पैशांवर कापलेला टॅक्स: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

साठे काका (बी-३०४): नमस्कार मंडळी. मी गेल्या नोव्हेंबरअखेर रिटायर झालो, सगळ्यांना माहीत आहेच. कंपनीने शिल्लक रजेचे ६,८२,००० दिले, पण हिशेबात ९९,६३२ रुपये टीडीएस कापला. रिटायरमेंटच्या पैशांवर टॅक्स नसतो असंच आजवर ऐकलं होतं. एचआरला फोन केला तर म्हणाले, सिस्टीमने कापलाय, आता काही करता येणार नाही. खरंच गेले का हे पैसे?

निलेश (ए-१०२): काका, तुम्ही न्यू रेजीममध्ये असाल. त्यात सूट-बीट काही मिळत नाही, म्हणून कापला असेल.

मेधा (सी-२०१): नाही निलेश, हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. न्यू रेजीममध्ये घरभाड्याची, ८०सी वगैरेंची वजावट जाते. निवृत्तीच्या वेळी मिळणारी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे यांची सूट दोन्ही रेजीममध्ये आहे. काका, पैसे गेलेले नाहीत. एचआर म्हणतंय ते अर्धंच खरं आहे. पगार चालू असता तर जास्त कापलेला टीडीएस पुढच्या महिन्यांत वळता करता आला असता, पण तुमचा पुढचा पगारच नाही. भरलेला टॅक्स आता फक्त रिटर्नमधून परत येईल. फॉर्म १६ चा पार्ट बी हाताशी आहे का?

साठे काका (बी-३०४): आहे. समोरच घेऊन बसलोय.

मेधा (सी-२०१): वरती एकूण पगाराचा आकडा असेल. त्याखाली कलम १० ची सूट अशी यादी आहे. त्यात एक ओळ ग्रॅच्युइटीची, 10(10). आणि एक ओळ रजेच्या पैशांची, 10(10AA). दोन्हींसमोर काय लिहिलंय?

साठे काका (बी-३०४): एकूण २४,६२,८४६. ग्रॅच्युइटीसमोर ११,०८,८४६. रजेच्या ओळीत ०.००.

मेधा (सी-२०१): हा शून्यच सगळ्याचं मूळ आहे. ग्रॅच्युइटीची सूट दिली. ती बरोबरच आहे, तुमचे ६२,००० गुणिले ३१ वर्षं गुणिले १५ भागिले २६ केलं की हाच आकडा येतो आणि २० लाखांच्या आत आहे. रजेचे पैसे मात्र नोकरीत असताना दरवर्षी रजा विकतो त्या खात्यावर टाकले गेले. चालू नोकरीत रजा विकली तर पूर्ण टॅक्स लागतो. निवृत्तीच्या वेळी तसं नाही. मी चोवीस वर्षं पगारपत्रकाचं काम केलं, हा घोळ मी अनेक ठिकाणी पाहिलाय.

पवार सर (ए-४०१): मला एक रुपयाही टॅक्स लागला नव्हता रजेवर. राज्य सरकारात होतो.

मेधा (सी-२०१): बरोबर सर, केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी पूर्ण रक्कम माफ असते. खाजगी कंपनी आणि बँक, अगदी सरकारी बँकसुद्धा, यांना मर्यादा आहे. चार आकडे काढायचे आणि त्यातला सगळ्यात लहान असेल तेवढी सूट. काका, तुमचा मूळ पगार अधिक डीए शेवटच्या दहा महिन्यांत किती होता? भत्ते धरू नका.

साठे काका (बी-३०४): फेब्रुवारी, मार्चला ५८,०००. एप्रिलला वाढ झाली, तिथून नोव्हेंबरपर्यंत ६२,०००. रजा ३३० दिवस शिल्लक होती.

मेधा (सी-२०१): मग दहा महिन्यांची बेरीज ६,१२,०००, सरासरी महिना ६१,२००.

आता चार आकडे. हातात पडले ६,८२,०००. दहा महिन्यांचा सरासरी पगार ६,१२,०००. सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा २५ लाख. आणि शिल्लक रजेची किंमत: ३३० दिवस म्हणजे अकरा महिने, ६१,२०० च्या हिशेबाने ६,७३,२००. सगळ्यात लहान ६,१२,०००. तेवढीच सूट. उरलेल्या ७०,००० वर टॅक्स लागू.

चौथ्या आकड्यात रजा दर पूर्ण वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवसांनी मोजायची असते. तुमची कंपनी वर्षाला ३० च देते, म्हणून प्रश्न नाही. जिथे ४०-४५ दिवस देतात तिथे रजेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

निलेश (ए-१०२): पण ताई, काकांना ६,८२,००० मिळालेत आणि मर्यादा २५ लाख आहे. मग सगळेच का नाही टाकायचे?

मेधा (सी-२०१): कारण २५ लाख हा चारांतला एक आकडा आहे, हक्काची रक्कम नाही. २०२३ साली ही मर्यादा ३ लाखांवरून २५ लाख झाली तेव्हा बातम्यांत तेवढंच आलं, दहा महिन्यांची अट राहून गेली. आणि काकांच्या बाबतीत जास्त टाकून मिळणार काहीच नाही. बघ:

कंपनीने धरलं १३,५४,००० (आठ महिन्यांचा पगार ६,७२,००० आणि रजा ६,८२,०००). त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेले, राहिले १२,७९,०००. न्यू रेजीमने टॅक्स ९५,८०० आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ९९,६३२. कापलेला आकडा तंतोतंत हाच.

आता ६,१२,००० ची सूट घेतली की १३,५४,००० चे ७,४२,००० होतात, स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर ६,६७,०००. काका, बँकेचं व्याज किती?

साठे काका (बी-३०४): ग्रॅच्युइटीचे पैसे डिसेंबरमध्ये एफडीत टाकले. मार्चपर्यंत व्याज २८,०००.

मेधा (सी-२०१): मग एकूण ६,९५,०००. २०२४-२५ या वर्षासाठी न्यू रेजीममध्ये ७ लाखांपर्यंत रिबेट आहे, टॅक्स शून्य. पूर्ण ९९,६३२ परत. ते ७०,००० टॅक्समध्ये धरूनही शून्यच. म्हणून चुकीचा आकडा टाकून नोटीस ओढवून घ्यायचं कारण नाही. व्याज मात्र नक्की दाखवा, ते पोर्टलवर एआयएसमध्ये दिसतं.

साठे काका (बी-३०४): जीव भांड्यात पडला. मग रिटर्नमध्ये पगार १८,५०,८४६ लिहू ना? २४,६२,८४६ मधून ६,१२,००० वजा करून.

मेधा (सी-२०१): अजिबात नको काका!! इथेच बहुतेकांचं चुकतं. वरचा एकूण पगार फॉर्म १६ मध्ये आहे तोच ठेवायचा, २४,६२,८४६. कंपनीने विभागाला तोच आकडा कळवलाय. तुम्ही वरचा आकडाच कमी केलात तर तो जुळणार नाही आणि कमी का झाला हे त्यांना कुठेच दिसणार नाही.

आयटीआर-१ चालेल तुम्हाला. पगाराच्या पानावर एकूण पगाराखाली कलम १० च्या सूट-भत्त्यांची जागा आहे. ग्रॅच्युइटीची ओळ आपोआप भरून आलेली असेल, ती तपासा. मग आणखी एक ओळ वाढवायची, यादीतून 10(10AA) निवडायचं, रक्कम ६,१२,०००. खाली पगाराचं उत्पन्न ६,६७,००० दिसलं की समजा बरोबर झालं.

कागद काहीही जोडायचा नसतो. पण शेवटच्या हिशेबाचा कागद (ज्यावर रजेचे दिवस आणि दर आहे), निवृत्तीचं पत्र आणि दहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एका फाइलमध्ये ठेवा. १५ सप्टेंबर शेवटची तारीख आहे. ज्या खात्यात रिफंड हवा ते पोर्टलवर व्हॅलिडेट करून घ्या आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न भरलाच नाही असं धरतात.

शैलाकाकू (बी-१०३): मेधा, वाचून पोटात गोळा आला गं. मी बँकेतून ३० एप्रिल २०२३ ला रिटायर झाले. २४० दिवसांचे ७,६०,००० मिळाले. बँकेने ३ लाखच माफ धरले, बाकी ४,६०,००० वर टॅक्स. रिटर्न गेल्या वर्षी जुलैत भरला, फॉर्म १६ प्रमाणे जसाच्या तसा.

मेधा (सी-२०१): काकू, २५ लाखांची अधिसूचना निघाली २४ मे २०२३ ला, पण ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुमचा हिशेब झाला तेव्हा बँकेकडे जुनाच आकडा होता. तुमचे २४० दिवस म्हणजे आठच महिने, दहाच्या आत. पगारात वर्षभरात मोठी वाढ नसेल तर जवळजवळ सगळी रक्कम माफ व्हायला हवी होती.

शैलाकाकू (बी-१०३): मग आता सुधारून भरता येईल?

मेधा (सी-२०१): त्या वर्षाचा रिव्हाइज्ड रिटर्न १५ जानेवारी २०२५ ला बंद झाला. अपडेटेड रिटर्न म्हणून जो प्रकार आहे तो रिफंड मागायला चालत नाही, कोणी भरून देतो म्हणालं तर भरू नका. रिटर्न तपासल्यावर विभाग पाठवतो ती १४३(१) ची इंटिमेशन तुम्हाला कधी आली?

शैलाकाकू (बी-१०३): मेल शोधला. २० नोव्हेंबर २०२४.

मेधा (सी-२०१): मग वेळ आहे. कलम २६४ खाली प्रिन्सिपल कमिशनरकडे अर्ज करता येतो, इंटिमेशन मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत, फी ५०० रुपये. हा अर्ज मात्र स्वतः करू नका, सीएकडून लिहून घ्या. दिवाळीच्या आधी करा, २० नोव्हेंबर बघता बघता येईल.

सेक्रेटरी (ए-२०२): मध्येच लिहितो, उद्या टाकी साफ करणार आहेत, ९ ते १२ पाणी बंद. चर्चा चालू द्या, माझे दोन वर्षं राहिलेत, मी सगळं सेव्ह करतोय 🙏

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

साठे काका (बी-३०४): मेधा, रिटर्न ११ ऑगस्टलाच भरला होता. आज मेल आलाय. फॉर्म १६ मध्ये नसलेली ६,१२,००० ची सूट मागितली आहे, ती काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे असं लिहिलंय. टॅक्स भरावा लागणार का?

मेधा (सी-२०१): नाही काका, ही फक्त विचारणा आहे. पण ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर खरंच सूट काढून टाकतील. लॉगिन करून Pending Actions मध्ये e-Proceedings उघडा. प्रस्तावासमोर `Disagree` निवडा. कारणात लिहा: ३० नोव्हेंबर २०२४ रोजी निवृत्त, शिल्लक रजेचे ६,८२,००० मिळाले, मालकाने कलम १०(१०एए) ची सूट धरली नाही, ती ६,१२,००० इतकी येते. मग ते चारही आकडे लिहा. संध्याकाळी स्लिपा घेऊन या, सबमिट करण्याआधी एकदा एकत्र वाचू.

बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

साठे काका (बी-३०४): जमा झाले! १,०३,११६. कापलेल्यापेक्षा जास्त कसे?

मेधा (सी-२०१): ९९,६३० रिफंड आणि ३,४८६ व्याज. रिटर्न वेळेत भरलात म्हणून १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का मिळालं. काका, हे ३,४८६ पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवायचे, आत्ताच वहीत लिहून ठेवा. आणि शैलाकाकू, तुमचा अर्ज गेला का?

शैलाकाकू (बी-१०३): काल गेला. पोचपावती आलीये.