शब्दचर्चा: ‘पटावरून’, ‘परत न ठेवता’ आणि ‘किमान ३’

खडूफळा

एका सरावपत्रिकेत हजेरीपत्रकाच्या पानाचा फोटो छापलाय. अनुक्रमांक १ ते २५, पुढे नाव, मुलगा/मुलगी आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. १७ व्या ओळीवर एक आडवी रेघ आहे, ती मला घडीची खूण वाटली. खाली प्रश्न असा:

“वरील पटावरून ५ जणांची सहल समिती यादृच्छिक पद्धतीने निवडायची आहे. नावे परत न ठेवता निवड केल्यास समितीत (अ) नेमक्या ३ मुली, (ब) किमान ३ मुली असण्याची संभाव्यता काढा.”

मी फोटोतून १५ मुली आणि १० मुलगे मोजले. (अ) चे उत्तर १९५/५०६ आले आणि मागच्या उत्तराशी तंतोतंत जुळले. (ब) चे मात्र ८८४/१२६५ आले, म्हणजे सुमारे ०.६९९, आणि मागे छापलेय १६९/२५३, म्हणजे सुमारे ०.६६८. (अ) जुळले याचा अर्थ मोजणी बरोबर आहे. मग ‘किमान ३’ चा अर्थ मी चुकीचा घेतोय का? आणि ‘परत न ठेवता’ हे शब्द इथे कशासाठी आहेत? समितीत एकच मुलगी दोनदा कशी येईल?

सांजवारा

‘किमान ३’ म्हणजे ३, ४ किंवा ५. त्यात दुसरा अर्थ नाही. ‘तीनपेक्षा जास्त’ म्हटले असते तर ३ वगळावे लागले असते.

‘परत न ठेवता’ म्हणजे डब्यातून काढलेली चिठ्ठी बाहेरच राहते, त्यामुळे छेद एकेकाने उतरत जातो. तुमच्या मोजणीप्रमाणे १५/२५ × १४/२४ × १३/२३ × १०/२२ × ९/२१. याचे उत्तर ०.०३८५ च्या आसपास येते. तुमचे १९५/५०६ याच्या दहापट कसे आले ते मात्र कळत नाही.

आकडेमोड

सांजवारा, तुमचा उतरता छेद बरोबर आहे. पण तुम्ही मांडली ती एकाच क्रमाची संभाव्यता: आधी तीन मुली, मग दोन मुलगे. प्रश्नात क्रम सांगितलेला नाही. पाच चिठ्ठ्यांपैकी कोणत्या तीन मुलींच्या निघाल्या याचे १० प्रकार होतात आणि प्रत्येकाची संभाव्यता तेवढीच असते. म्हणून १० ने गुणायचे. तुमचे ०.०३८५ आणि त्यांचे ०.३८५ यांत एवढाच फरक आहे.

खडूफळा, (अ) जुळले म्हणून मोजणी बरोबर, हे मात्र मानू नका. १७ व्या ओळीचा शेरा फोटो मोठा करून वाचाल का?

खडूफळा

वाचला. पुसट आहे, पण ‘दा. नेला’ असे दिसतेय. त्या ओळीत मुलगी आहे.

आकडेमोड

मग पटावर २४ जण आहेत: १४ मुली, १० मुलगे. आता (अ) पुन्हा मांडू. १४ मुलींतून ३ निवडण्याचे ३६४ प्रकार, १० मुलग्यांतून २ निवडण्याचे ४५, गुणाकार १६३८०. एकूण २४ जणांतून ५ निवडण्याचे ४२५०४. भागाकार केला की १९५/५०६. तुमच्या २५ जणांच्या मोजणीत तेच ४५५ × ४५ = २०४७५ भागिले ५३१३०, आणि हेही १९५/५०६.

चुकीच्या मोजणीतून बरोबर उत्तर यायला इथे नेमके कारण आहे. एक मुलगी जास्त धरली की छेद ४२५०४ चा ५३१३० होतो, म्हणजे २५/२० पट. अंशात मुलग्यांचे ४५ तसेच राहतात आणि मुलींचे ३६४ चे ४५५ होतात, म्हणजे १५/१२ पट. दोन्ही सव्वापट, त्यामुळे भागाकार हलत नाही. २५ पैकी ५ आणि १५ पैकी ३, दोन्हीकडे एक पंचमांशच मागितलाय म्हणून हे घडले. खोडलेले नाव मुलग्याचे असते आणि तुम्ही तेही मोजले असते, तर ३६४ × ५५ भागिले ५३१३० म्हणजे ०.३७७ आले असते आणि चूक (अ) मध्येच दिसली असती.

(ब) मध्ये ४ आणि ५ मुलींच्या समित्याही येतात. तिथे हे प्रमाण जुळत नाही, म्हणून फरक उघडा पडला. १४ मुली धरून: ३ मुलींच्या समित्या १६३८०, चारच्या १००१ × १० = १००१०, पाचच्या २००२. बेरीज २८३९२. भागिले ४२५०४ म्हणजे १६९/२५३. छापलेले उत्तर बरोबर आहे.

पानसुपारी

म्हणजे या गणिताची किल्ली ‘पट’ या शब्दातच होती. शाळेच्या बोलीत पट म्हणजे आज दाखल असलेली मुले. ‘वर्गाचा पट किती?’ असे विचारले की कोण आले, कोण नाही हे कुणी मोजत नाही. गैरहजर मूल पटावर असते. दाखला नेलेले मूल पटावर नसते, जरी त्याचे नाव वर्ष संपेपर्यंत त्याच ओळीत दिसत राहिले तरी. त्यासाठी आपल्याकडे खास प्रयोगही आहे: ‘नाव पटावरून कमी केले’. २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तीही कागदावरचा पट आणि प्रत्यक्षातली मुले ताडून पाहण्यासाठीच.

शेवटचा अनुक्रमांक म्हणजे पट नव्हे, हे हजेरी घेणाऱ्याला सांगावे लागत नाही. फोटोवरून गणित सोडवणाऱ्याला ते कळायला शेऱ्याचा रकाना वाचावाच लागतो.

सांजवारा

(ब) ची बेरीज लांबते. मी सोपे करून पाहिले: आधी ३ मुली घेऊन ठेवू, म्हणजे ‘किमान’ची अट भागली. मग उरलेल्या २१ जणांतून कुणीही २. ३६४ × २१० = ७६४४०. पण हे तर ४२५०४ पेक्षा मोठे आहे! संभाव्यता १.८ येतेय.

आकडेमोड

‘किमान’ या शब्दावर सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. तुमच्या मांडणीत ‘आधी घेतलेल्या’ आणि ‘नंतर घेतलेल्या’ असे दोन गट पडतात. समितीत मात्र असे गट नसतात. चार मुलींची एकच समिती घ्या. त्यातल्या कोणत्या तिघी ‘आधीच्या’ मानल्या यावरून ती चारदा मोजली जाते. पाच मुलींची समिती दहादा मोजली जाते. ताळा करून बघा: १६३८० + ४ × १००१० + १० × २००२ = ७६४४०. तुमचाच आकडा.

इथे उत्तर १ च्या वर गेले म्हणून पकडता आले. ‘किमान ४ मुली’ विचारले असते तर हीच युक्ती १००१ × २० = २००२० देते, म्हणजे ०.४७१. बरोबर उत्तर ०.२८३ आहे. ०.४७१ दिसायला अगदी साधे दिसते, त्यामुळे चूक लपून राहते. म्हणून ‘किमान’ आला की नेमके ३, नेमके ४, नेमके ५ असे वेगळे काढून बेरीज करायची. स्प्रेडशीटमध्ये तपासायचे तर:

```
=HYPGEOM.DIST(3,5,14,24,FALSE)
=1-HYPGEOM.DIST(2,5,14,24,TRUE)
```

पहिल्याचे उत्तर ०.३८५, दुसऱ्याचे ०.६६८. दुसऱ्यात ३ च्या जागी २ का, तर ‘किमान ३’ म्हणजे ‘जास्तीत जास्त २’ सोडून बाकी सगळे. तिथे ३ लिहिले की नेमक्या ३ मुलींच्या समित्याही वजा होतात आणि ०.२८३ मिळते.

खडूफळा

पटले. ‘परत न ठेवता’चे राहिले.

आकडेमोड

समिती म्हटल्यावर ते गृहीतच आहे, तुमचे म्हणणे खरे. पण हे शब्द सोडवणाऱ्याला पद्धत सांगतात. चिठ्ठी परत डब्यात टाकली असती तर दर खेपेला मुलगी येण्याची संभाव्यता १४/२४ च राहिली असती आणि नेमक्या ३ मुलींसाठी ०.३४५ आले असते. परत न ठेवता ०.३८५ येते, कारण एक मुलगी निघाली की डब्यातल्या मुली कमी होतात आणि पुढची चिठ्ठी मुलग्याची येण्याकडे थोडी झुकते. त्यामुळे निकाल सरासरीजवळ जास्त गोळा होतात. इथे सरासरी २.९ मुली आहे, म्हणून ३ ला वाढ मिळाली. २४ तून ५ काढताना हा फरक दिसतो. हजारातून ५ काढले तर तो जवळपास नाहीसा होतो.

वडाचीवाडी

आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात असा कायदाच आहे. तिथे ‘किमान निम्म्या’ची संभाव्यता याच रीतीने काढायची का? पालकांच्या यादीचा फोटो माझ्याकडे आहे.

पानसुपारी

तिथे संभाव्यतेचा प्रश्न येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात निम्म्या महिला असणे ही अट आहे, म्हणजे ते ठरूनच गेलेय. ‘निवड’ या एका शब्दात आपण फार कोंबतो. मतदानाने निवडतात तीही निवड, मुख्याध्यापक नेमतात तीही निवड, डोळे मिटून चिठ्ठी काढतात तीही निवड. वरचे गणित फक्त चिठ्ठीला लागू आहे. त्यासाठी ‘सोडत’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. घरांची सोडत म्हटले की सगळ्यांना कळते. प्रश्नात ‘यादृच्छिक पद्धतीने निवडायची’ याऐवजी ‘सोडतीने काढायची’ असते तर मला जास्त आवडले असते.

आकडेमोड

आवडेल, पण ‘सोडत’मध्ये प्रत्येकाला सारखी संधी हे जसे येते, तसे राखीव गटाची वेगळी सोडतही येते. वडाचीवाडी, तुमच्याकडे महिला पालक आणि पुरुष पालक यांच्या दोन वेगळ्या सोडती काढल्या तर महिलांची संख्या आधीच ठरलेली असेल. एकाच डब्यातून काढले तरच वरचे गणित.

वडाचीवाडी

दोन डबेच असतात. मग प्रश्न मिटला.

खडूफळा

जाता जाता, याला मराठीत म्हणायचे काय? पत्रिकेत ‘हायपरजॉमेट्रिक’ आहे. एका टिपणात ‘अतिभूमितीय’ वाचले.

आकडेमोड

‘अतिभूमितीय’ म्हटले की आकृत्या डोळ्यांपुढे येतात. इथला ‘जॉमेट्रिक’ श्रेढीतला आहे. भूमिती श्रेढीत प्रत्येक पदाला आधीच्या पदाने भागले की तोच आकडा येतो. आपल्या समित्या ०, १, २, ३, ४, ५ मुलींप्रमाणे मांडा: २५२, २९४०, १०९२०, १६३८०, १००१०, २००२. बेरीज ४२५०४ येते, हा ताळाही होऊन जातो. आता शेजारच्या पदांचे भागाकार करा: ११.६७, ३.७१, १.५, ०.६१, ०.२. गुणोत्तर स्थिर नाही, पण ते एका साध्या सूत्राने उतरत जाते. म्हणून मी ‘अतिगुणोत्तरी’ म्हणतो.

पानसुपारी

‘अति’ मला खटकतो. मराठीत त्याने ‘गरजेपेक्षा जास्त’ असे वाटते. ‘बिनपरतीची निवड’ असे पद्धतीवरूनच नाव का नको?

आकडेमोड

कारण बिनपरतीची निवड करूनही वेगळा प्रश्न विचारता येतो. तिसरी मुलगी निघेपर्यंत किती चिठ्ठ्या काढाव्या लागतील, याचे आकडे वेगळे येतात. निवड तीच, नाव मात्र दुसरे लागेल.

सांजवारा

मी तूर्त ‘हायपरजॉमेट्रिक’च लिहितो. आणि १७ व्या ओळीतली मुलगी मुलगा धरून, मोजून आणि वगळून, तिन्ही रीतींनी (ब) करून बघतो.