स्टेल्थ गेम: स्क्रीनवर काही न लिहिता ‘आवाज करू नको’ कसं शिकवायचं? मदत हवी आहे

खटपट्या
मंडळी, एक छोटा स्टेल्थ गेम करतोय. रात्री वाड्यात शिरून कागदपत्रं पळवायची. फळ्यांवर पाऊल वाजतं, सतरंजीवर नाही. सूचना एकही लिहायची नाही हे ठरलंय. पण ज्याला खेळायला देतो तो दुसऱ्या खोलीत धाडधाड पळत सुटतो, पकडला जातो आणि परत तेच. पहारेकऱ्याला कमी ऐकू येईल असं केलं तर गेम फारच सोपा होतो. लेव्हलमध्ये काय बदलू? लवकर सांगा, रविवारी बिल्ड द्यायचाय.

गुहागरकर
कॅमेरा कुठून? कीबोर्ड की कंट्रोलर? पहारेकरी फक्त ऐकतो की बघतोही?

अंड्या
युनिटी वापरतोयस का? सोड ते आणि गोडोवर ये, हलकं आहे.

खटपट्या
@अंड्या इंजिनचा प्रश्नच नाहीये रे.
@गुहागरकर कॅमेरा वरून, कीबोर्ड. शिफ्ट धरलं की हळू चालतो. आणि बघतो ना, पहारेकरी आहे तो! आवाज आला की वळतो, दिसलं की धरतो, खोली पहिल्यापासून.

गुहागरकर
इथेच गोची आहे. पोरगा पळाला, पहारेकरी वळला, समोर हा दिसला, धरला, सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. खेळणाऱ्याला वाटतं आपण दिसलो. मग पुढच्या वेळी नजर चुकवायला तो अजून जोरात पळतो. खात्री करायची तर पकडल्यावर फक्त एवढंच विचार, ‘कशामुळे धरलं?’ ‘दिसलो’ म्हणाला तर आवाजाचा नियम त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

म्हणून आधी ऐकणं आणि बघणं वेगळं कर. पहिल्या खोलीत पहारेकरी बंद जाळीच्या पलीकडे ठेव, पाठमोरा. जाळीवर अर्धा पडदा, म्हणजे त्याचं डोकं आपल्याला दिसतं पण आपण त्याला दिसत नाही. अलीकडे थोडी सतरंजी, मग फळ्या, मग परत सतरंजी. फळीवर पळालं की तो मान वळवून बघतो, सतरंजीवर आलं की परत पाठ करतो. इथे धोका काहीच नाही, त्यामुळे पोरं मुद्दाम पुढेमागे करून बघतात.

दुसऱ्या खोलीत तोच पहारेकरी, तसाच पाठमोरा, पण जाळी नाही. सतरंजी भिंतीच्या कडेने लांबून जाते, फळ्या सरळ दाराकडे. आवाज झाला तर त्याने तुझ्याकडे नाही, जिथे आवाज झाला त्या फळीकडे चालत यायचं. निघण्याआधी सेकंद-दीड सेकंद थांबू दे, म्हणजे पळून लपायला वेळ मिळतो आणि कशामुळे काय झालं ते डोळ्यासमोर घडतं. सतरंजी नसलेली खोली तिसरी, हळू चालण्याची खरी गरज तिथे.

नाक्यावरचा
एवढं कशाला? कोपऱ्यात शिफ्टचं चित्र दाखव, काम झालं. लोकांना वेळ नसतो. १९९८ च्या ‘थीफ’मध्ये असलं काही लागलं नव्हतं.

गुहागरकर
‘थीफ’मध्ये सुरुवातीला वेगळं प्रशिक्षण मिशन आहे आणि त्यात एक माणूस बोलून सगळं शिकवतो. उलट उदाहरण दिलंत. न सांगता दाखवणं बघायचं तर ‘मार्क ऑफ द निंजा’, २०१२ चा. त्यात पावलाचा आवाज कुठवर पोचतो ते गोल वर्तुळाने दिसतं. @खटपट्या तसलं वर्तुळ तुलाही चालेल, अक्षर एकही लागत नाही.

पण चित्राबद्दल नाक्यावरचा अगदीच चूक नाही. खोलीची रचना नियम शिकवेल, बटण कुठलं ते शिकवणार नाही.

सावनी
पण शिफ्ट म्हणजे हळू हेच उलटं नाही का? पीसीवर बऱ्याच गेममध्ये शिफ्ट धरून पळतात. माझा भाऊ कुठलाही नवा गेम उघडला की आधी शिफ्ट दाबून बघतो. आपोआप हळू चालू दे आणि शिफ्टने पळू दे, मग आवाज हा त्याने स्वतः केलेला असेल.

नाक्यावरचा
मग सगळे गेमभर रांगत बसतील. झोप येईल.

सावनी
हळूचा वेग फार कमी ठेवला तर येईल. आणि मध्येमध्ये पळायला लावणाऱ्या जागाही हव्यात, बंद होणारं दार वगैरे.

अंड्या
पुण्यात गेम टेस्टरची नोकरी मिळते का? अनुभव म्हणजे आयुष्यभर खेळलोय.

खटपट्या
@सावनी शिफ्ट उलटं केलं आणि जाळीची खोली घातली. चुलतभावाला दिलं, त्याने जाळीपाशी पहारेकऱ्याला मुद्दाम चार वेळा वळवलं आणि दुसऱ्या खोलीत न सांगता सतरंजी धरली. पण तिसऱ्या खोलीत दार बंद होत असतानाही हळूच चालत राहिला, दार लागलं. तिथे पळायचंय हे आता कसं कळवू?

गुहागरकर
त्या दाराच्या वाटेत ऐकणारा कोणी आहे का?

खटपट्या
आहे, एक.

गुहागरकर
पहिल्या दाराला तो काढ. पळणं आधी फुकट मिळू दे, पुढच्या दाराला पहारेकरी परत आण.

नाक्यावरचा
म्हणजे अजून एक खोली. रविवार गेला.