लोहाची गोळी थांबवून मटकी-आवळ्यावर भागेल का?

माणकाठ (आटपाडी)
मुलगी 16 वर्षांची, वजन 45 किलो. हिमोग्लोबिन 10.2 आलंय. डॉक्टरांनी तीन महिने रोज एक लोहाची गोळी सांगितलीय, पण तिला मळमळतं. आमच्याकडे मटकीची उसळ, शेंगदाणे आणि म्हशीचं दूध रोजचंच, आवळेही आहेत. यातून तेवढं लोह मिळत असेल तर गोळी थांबवू का? सध्या रात्री दुधाबरोबर देते.

रानमेवा (वाई)
थांबवा. मटकीला मोड आणले की लोह दुप्पट होतं, वर आवळा दिला की सगळं अंगी लागतं. गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं, म्हणजे शरीर ते लोह बाहेर टाकतंय. जे टाकूनच द्यायचं ते पोटात कशाला घालायचं?

आहार_मिरज
काळ्या रंगाचं तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत. गोळीतलं बहुतेक लोह खरंच बाहेर जातं. पण उरतं ते किती, हे मोजून बघा.

या मुलीच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असेल. 10.2 वरून 12 पर्यंत जायचं म्हणजे दर 100 मिली रक्तामागे 1.8 ग्रॅम, एकूण जवळपास 54 ग्रॅम नवीन हिमोग्लोबिन तयार व्हायला हवं. एका ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह लागतं, म्हणजे 180 मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषलं गेलं पाहिजे. हे फक्त रक्तापुरतं. शरीरातला रिकामा झालेला साठा भरायचा तो वेगळा, आणि तो याहून मोठा असतो.

आता तिचं ताट बघा. ज्वारीच्या तीन भाकरींतून सहा मिलिग्रॅम, कोरडी 30 ग्रॅम मटकी भिजवली तर अडीच, मूठभर शेंगदाण्यातून एक, बाकी भाजी-आमटीतून दोन-अडीच. बारा धरू. दुधात लोह जवळजवळ नसतंच. या बारातलं आठ टक्के शोषलं तर एक मिलिग्रॅम, आवळा जोडीला असला तर दीड. पाळी येणाऱ्या मुलीच्या शरीरातून रोज सरासरी तेवढंच लोह जातं. म्हणजे आलं तेवढं गेलं, खड्डा आहे तसाच.

गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असेल आणि त्यातला दहावा हिस्सा जरी शोषला, तरी रोजचे सहा होतात. महिनाभरात 180. म्हणून थांबवू नका. आणि मटकीला मोड आणल्यानं लोह वाढत नाही. लोह आहे तेवढंच राहतं, पण त्याला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणून जास्त मोकळं होतं. चांगलंच आहे, पण दुप्पट नव्हे.

काळी_कढई (विटा)
लोखंडी कढईत आमटी करा ना! सगळ्या घराला पुरेल एवढं लोह उतरतं. आवळ्याची भाजी तर काळीकुट्ट होते, डोळ्यांना दिसतं.

आहार_मिरज
उतरतं, आंबट पदार्थात जास्त. चिंच-आमसूल घातलेली आमटी त्या कढईत जरूर करा. पण किती उतरेल याचा भरवसा नाही. कढई जुनी का नवी, किती वेळ शिजलं, त्यावर ते बदलतं. आणि आवळा त्यात शिजवला की उष्णतेनं आणि लोखंडानं त्यातलं क जीवनसत्त्व बरंच नासतं. आवळा कच्चाच घ्यावा आणि शेवटी घालावा. मोरावळ्यात आणि उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीतही ताज्याइतकं क उरत नाही.

कराडकर_६२
माझं बी12 कमी निघालंय. मी तर मोड आलेले मूग, बदाम आणि पेलाभर दूध रोज घेतो. मग ते का वाढत नाही?

आहार_मिरज
हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. मुगात, बदामात, आवळ्यात बी12 नसतंच. दुधात असतं, पण 200 मिलीच्या पेल्यात एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी, आणि रोजची गरज सव्वादोनच्या आसपास. शिवाय साठीनंतर अनेकांचं पोट ते नीट सोडवून घेत नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी घटतं. कमी निघालंच आहे तर गोळी किंवा इंजेक्शन, नुसत्या दुधानं भागणार नाही.

माणकाठ (आटपाडी)
मग मळमळीचं काय करू? दुधाबरोबर दिलं तर पोटाला बरं पडेल म्हणून देत होते. आणि जेवणावर चहा चालतो का?

आहार_मिरज
दूधच इथं आड येतंय. दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं, चहा तर त्याहून जास्त. दोन्ही गोळीपासून आणि उसळीच्या जेवणापासून दोन तास दूर ठेवा. दूध सकाळी उठल्यावर द्या. पेल्याला 240 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, दोन पेले दूध आणि नाचणी-तीळ असले तर कॅल्शियमची वेगळी गोळी तिला लागेलसं वाटत नाही. क जीवनसत्त्वाची गोळी तर आवळा असताना नकोच.

गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं, अर्धा आवळा किसून त्याबरोबर द्या. मळमळ तरीही राहिली तर डॉक्टरांना विचारून एकाड एक दिवस देता येते का बघा. रोजच्यापेक्षा एकाआड दिली की प्रत्येक गोळीतून शोषण जास्त होतं, असं अलीकडच्या अभ्यासात दिसलं आहे. पण तुमच्या मुलीला ते चालेल का, ते डॉक्टरच ठरवतील. शाळेतून आठवड्याची निळी गोळी मिळत असेल तर तेही त्यांना सांगा, दोन्ही मिळून नकोत.

उसळीचं म्हणाल तर मटकी रात्री आठ तास भिजवा, पाणी टाकून द्या, ओल्या फडक्यात बांधून टोपलीत उपडी ठेवा. 12 ते 16 तासांत मोड दिसतात, थंडीत जास्त वेळ लागतो. खाली पाणी साचलं की मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो, ती फेकाच, धुऊन वापरू नका. कच्ची देऊ नका, पाच मिनिटं वाफवा. आणि गॅस बंद केल्यावर वरून किसलेला आवळा, त्याच ताटात. सकाळी आवळ्याचा रस आणि रात्री उसळ, असं केलं तर त्याचा उपयोग लोहाला होत नाही.

रानमेवा (वाई)
तीन महिन्यांचा हिशोब पटला. पण पुढं? 12 झालं की तेव्हा तरी गोळी सोडायची का नाही? आयुष्यभर पाकिटं विकत घ्यायची का?

आहार_मिरज
12 झालं की लगेच सोडलं तर साठा रिकामाच राहतो आणि हिमोग्लोबिन पुन्हा घसरू शकतं. फेरिटिन, म्हणजे रक्तातून लोहाचा साठा कळतो ती तपासणी, करून मग थांबवा. त्यापुढं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, तिथं ताटच पुरेल. पण पाळी जास्त जात असेल, किंवा जंत असतील, तर कितीही मटकी खाल्ली तरी भरणार नाही. माणकाठ, पाळी किती दिवस चालते? आणि जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं?

माणकाठ (आटपाडी)
सात दिवस, पहिले तीन फार. जंतांचं गेल्या वर्षी.

आहार_मिरज
मग हेच आधी डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन महिन्याभरानं पुन्हा तपासा. गोळी नीट लागत असेल तर 100 मिलीमागे साधारण एक ग्रॅम तरी वाढलेलं दिसतं. नाही दिसलं तर गोळी बदलत बसू नका, रक्त कुठं जातंय ते शोधायला लावा.

काळी_कढई (विटा)
आणि संक्रांतीनंतर आवळे संपले की?

आहार_मिरज
आत्ताच किसून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा, एका वेळी एक खडा पुरेल. नाहीतर अर्ध्या लिंबाचा रस, किंवा जेवणासोबत पेरू.