शेकची नोंद करताना स्कूप धरायचा की पाणी? सल्ला हवा

रानजाई
दुपारच्या जेवणाऐवजी शेक घेते. डब्यावर लिहिलंय: एक सर्व्हिंग म्हणजे २ स्कूप, ५० ग्रॅम, ३०० मिली पाण्यात. तक्त्यात १०० ग्रॅमला ४०० कॅलरी आहेत. पावडर आणि पाणी मिळून ३५० झाले म्हणून मी ॲपमध्ये ३५० ग्रॅम टाकले, तर १४०० कॅलरी दाखवतंय! चुकतंय कुठे?

धावपळ्या
पाण्यात कॅलरीच नसतात, त्यामुळे पाणी सरळ विसरा. २ स्कूप, २०० कॅलरी, संपलं.

मोजमाप
रानजाई ताई, तक्त्यातले १०० ग्रॅम कोरड्या पावडरचे आहेत, आणि तुम्ही पाणीही पावडर म्हणून मोजलंत. ५० ग्रॅम टाका, २०० कॅलरी येतील.

धावपळ्या, पाणी विसरणं तेव्हाच चालतं जेव्हा नोंद पावडरच्या ग्रॅममध्ये असते. ॲपमध्ये कुणीतरी केलेली 'तयार शेक, १०० मिली' अशीही नोंद असते. या पावडरचा ३०० मिली पाण्यातला शेक साधारण ३३५ मिली भरतो, म्हणजे १०० मिलीला ६० कॅलरी. ताईंनी पातळ हवा म्हणून ४०० मिली पाणी घातलं आणि ४३५ मिली नोंदवले, तर तीच पावडर २६० कॅलरींची दिसेल. पाणी वाढवल्यावर आकडा वाढला, की नोंद चुकीची निवडली असं समजावं.

कडकचहा
मी एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन घेतो. त्यावर तर स्कूप लिहिलेलेच नाहीत, मग काय धरू?

मोजमाप
तुमचं पेय तयारच आहे. तिथे १०० मिलीचा आकडा अडीच पट करायचा. कॅफीनचंही तसंच, १०० मिलीला ३२ मिलिग्रॅम असेल तर कॅनमध्ये ८०.

रानजाई
आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्कूप मोजले. माझे शीग लावलेले दोन स्कूप ५८ ग्रॅम भरले! म्हणजे २३२ कॅलरी ना?

मोजमाप
बरोबर. स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. पावडर दाबली गेली की तेवढ्याच स्कूपात जास्त मावते, आणि डबा हलवल्यावर तळाची पावडर घट्ट बसते. शेकर काट्यावर ठेवून शून्य करा, मग पावडर घाला. पाणी नंतर. आणि डब्यावर 'तयार' असा दुसरा रकाना असेल तर खालची बारीक ओळ वाचा. तो दुधातला असेल तर त्यात दुधाच्या कॅलरीही धरलेल्या असतात. तुम्ही पाण्यात करत असाल तर तो रकाना तुमचा नाही.

निळाई
शेकमधलं ३०० मिली पाणी दिवसाच्या पाण्यात धरायचं का? मी धरत नाही, ते जेवण आहे.

धावपळ्या
मी धरतो. पोटात पाणीच जातं ना?

मोजमाप
मीही धरतो, पण पाण्याच्या वेगळ्या रकान्यात. काही ॲप शेकची नोंद केली की पाणी आपोआप वाढवतात, मग हाताने टाकलेलं दुप्पट होतं. निळाई, तुमच्या ॲपमध्ये एकदा शेक टाकून पाण्याचा आकडा हलतो का बघा.

निळाई
माझ्यात हलत नाही. तरी मी वेगळंच ठेवणार.