कॉलेजचा मेल बंद झाला, चूक कुणाची?

रंकाळ्याचा_वारा: जूनमध्ये बी.ई. झालं. गेल्या आठवड्यात कॉलेजनं काही न सांगता मेल बंद केला. माझं GitHub त्याच मेलवर आहे. नव्या लॅपटॉपवर पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी लॉगिनचा कोड त्या बंद मेलवरच जातोय. पास झाल्यावरही मेल चालू ठेवणं कॉलेजचं काम नव्हे का?

लॅबवाला: नाही. मी एका कॉलेजात हेच काम करतो. पूर्वी गूगल कॉलेजांना हवी तेवढी जागा द्यायचं. 2022 पासून मोफत योजनेत अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी. जुन्या पोरांचे प्रोजेक्टचे व्हिडिओ किती वर्षं सांभाळायचे? पण न सांगता बंद केला ते चूकच. खातं नुसतं थांबवलंय का डिलीट केलंय, ते आधी विचार. थांबवलेलं लगेच चालू होतं. डिलीट केलेलं अ‍ॅडमिनला 20 दिवसांतच परत आणता येतं. म्हणजे आजच जा.

उद्यमनगरकर: मी शिरोलीची कंपनी सोडली तेव्हा पीएफची हीच काळजी लागलेली. पण त्याचा ओटीपी मोबाइलवर येतो, काही अडत नाही.

भवानी_मंडप: काका, तो पीएफचं विचारत नाही 😄 भावा, जुन्या लॅपटॉपवर लॉगिन शिल्लक असंल तर Settings मध्ये Emails उघड, जीमेल घाल आणि कॉलेजचा पत्ता उडवून टाक. विषय संपला.

सेमीकोलन: पहिलं अर्धं बरोबर. पत्ता उडवू नको. चार वर्षांच्या प्रत्येक कमिटमध्ये तोच मेल लिहिलेला आहे आणि त्यावरूनच GitHub ते काम तुझ्या नावावर लावतं. पत्ता काढलास की कोड राहील, पण प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन जातील. मुलाखतीत तेच दाखवणार ना? जीमेल व्हेरिफाय करून Primary कर, जुना खाली पडू दे. फक्त Backup email address मध्ये "Only allow primary email" निवड. उद्या तोच पत्ता एखाद्या ज्युनिअरला मिळाला, तर त्याला तुझा पासवर्ड बदलता येऊ नये.

लॅबवाला: आमच्यात पत्ता रोल नंबरवरून असतो, दुसऱ्याला मिळत नाही.

सेमीकोलन: तुमच्यात. नाव-आडनावावरून पत्ते देणारी कॉलेजं आहेत की. एकाच नावाचे पाटील किती, मोजा.

रंकाळ्याचा_वारा: जुना लॅपटॉप बहिणीकडं होता, लॉगिन तसंच! पासवर्ड विचारला, जीमेल जोडला, Primary झाला. पण कोडिंगच्या सरावाची एक साइट आहे, तिथं "Sign in with Google" नंच आत जायचो. पासवर्ड कधी ठेवलाच नाही, आणि रीसेटची लिंकही कॉलेजच्या मेलवरच जाणार.

लॅबवाला: त्यासाठी कॉलेजच गाठ. तासाभरापुरता मेल चालू करून माग, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा तिथला मेल बदल.

भवानी_मंडप: बघा! शेवटी कॉलेजच्याच दारात. म्हणून म्हणतो, निदान सहा महिने तरी चालू ठेवा.

लॅबवाला: सहा महिन्यांनी हाच लॅपटॉप बदलला असता तर?